पावती, बिल, कोटेशन की चलान? फोटोतल्या कागदाची मांडणी कशी वाचायची

आजचा विषय ऐकायला अगदी साधा वाटतो. चार प्रकारचे कागद असतात, त्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो येतात, आणि कुठला कागद कोणता हे ओळखायचं. तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील की यात काय आहे, वर नाव छापलेलंच असतं की! आम्हालाही तसंच वाटत होतं.

आम्ही हिशेब लिहिणारी माणसं. छोटे कारखानदार, दुकानदार, ठेकेदार यांची खाती आम्ही सांभाळतो आणि त्यांची जीएसटीची रिटर्न्स भरतो. पूर्वी महिन्याच्या शेवटी एक फुगलेली फाइल यायची. आता फोनवर फोटो येतात, आणि सोबत एक ओळ असते, "साहेब, पावत्या पाठवल्यात." उघडून बघावं तर त्यात एक खरेदीचं बिल, दोन चलानं, एखादं कोटेशन आणि क्वचित एखादी खरी पावतीही असते.

यात पाठवणाऱ्याची चूक नाही. आपल्या बोलण्यात 'पावती' हा शब्द सगळ्यांना पुरतो. पैसे दिले की पावती, दुकानात मिळते ती पावती, माल पोचल्याची ती पोचपावती. 'चलन' किंवा 'चलान' म्हटलं तर बँकेत पैसे भरायचं चलान, वाहतूक पोलिसांचं चलान आणि मालाबरोबरचं डिलिव्हरी चलान, तिन्ही डोळ्यांसमोर येतात. म्हणून पाठवणाऱ्यानं दिलेल्या नावावर विसंबता येत नाही. उरतो तो कागद, आणि त्याचाही फक्त फोटो.

कागद कशासाठी जन्माला आला?

मांडणी बघायच्या आधी एक गोष्ट मनात पक्की करू. हे चार कागद एकाच व्यवहाराच्या चार वेगवेगळ्या क्षणी तयार होतात. व्यवहार ठरायच्या आधी दर विचारले जातात, तेव्हा कोटेशन. माल जागेवरून हलतो, तेव्हा डिलिव्हरी चलान. विकणारा म्हणतो की अमुक इतके पैसे तुमच्याकडून येणं आहेत, तेव्हा बिल, म्हणजे इन्व्हॉइस. आणि पैसे हातात पडले की पावती.

प्रत्येक कागद पुढे कुणीतरी वेगळा माणूस वापरतो. कोटेशन मालक वाचतो आणि दुसऱ्या कोटेशनशी ताडून बघतो. चलान टेम्पोवाला नेतो आणि गोदामातला माणूस नग मोजतो. बिल हिशेबनीस वाचतो आणि त्यावरून कराची वजावट घेतली जाते. पावती पैसे देणारा जपून ठेवतो, उद्या कुणी म्हणालं की पैसे मिळालेच नाहीत, तर दाखवायला.

जो माणूस कागद वापरणार, त्याला लागणारी गोष्ट कागदावर मोठी आणि सोयीच्या जागी असते. गोदामवाल्याला नग हवेत, सही करायला जागा हवी. हिशेबनिसाला कर वेगळा काढलेला हवा. त्यामुळे अक्षरं न वाचताही कागदाचा आकार आणि त्यावरच्या जागा बरंच काही सांगून जातात. मांडणीवरून ओळखायचं ते या आधारावर.

आधी चारही कोपरे

पण त्याच्याही आधीची एक पायरी आहे, आणि आमच्या सर्वांत जास्त चुका तिथेच झाल्या. फोटोत कागदाचे चारही कोपरे दिसतायत का?

असं बघा. चलानावर रकमेचा रकाना बहुतेक वेळा नसतो किंवा कोरा असतो, ही खूण आपल्याला पुढे वापरायची आहे. आता समजा बिलाचा फोटो घाईत काढला आणि उजवीकडची तीन बोटं जागा चौकटीबाहेर गेली. रकमेचा रकाना दिसत नाही, म्हणून आपण त्याला चलान म्हणून मोकळे होतो. रकाना होता, आपण तो पाहिलाच नाही. म्हणून आमच्याकडे आता नियम असा आहे की कागदाची ती कड फोटोत दिसत असेल तरच तिथे काही 'नाही' असं म्हणायचं. कड दिसत नसेल तर त्या जागेबद्दल मत द्यायचं नाही, दुसरा फोटो मागवायचा.

चारही कोपरे मिळाले की फोटो सरळ करायचा. टेबलावर ठेवलेल्या कागदाचा फोटो आपण थोडं तिरकं उभं राहून काढतो, त्यामुळे लांबची कड आखूड आणि जवळची लांब दिसते. चार कोपरे धरून त्याचा आयत केला की रकाने उभे होतात. हे काम फोनमधली कागद स्कॅन करायची सोयसुद्धा करून देते.

यानंतर आम्ही प्रत्येक शब्द कागदावर कुठे आहे ते काढतो. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरतो. आज्ञा एवढीच:

```
tesseract kagad.jpg shabda -l eng+mar tsv
```

यातून `shabda.tsv` नावाची यादी मिळते. तिच्यात प्रत्येक शब्दाची डावीकडून आणि वरून जागा, रुंदी आणि उंची असते. फोटो लहानमोठे असतात, म्हणून आम्ही सगळी मापं हजारात बदलून घेतो. कागदाची डावी कड 0, उजवी 1000. वरची कड 0, खालची 1000. मग रकमेचा रकाना 940 वर संपतो असं म्हटलं की तो कुठल्याही फोटोत अगदी उजवीकडेच असणार. ज्यांना सॉफ्टवेअर वापरायचं नाही त्यांनी घडी घालून बघितल्यासारखा कागदाचे मनातल्या मनात उभे-आडवे तीन भाग केले तरी पुढचं सगळं कळेल.

चार ठिकाणी बघायचं

पहिलं म्हणजे कागदाचा आकार. पावतीपुस्तकातली पावती आडवी आणि बुटकी असते. सोसायटीच्या देखभाल खर्चाची पावती आठवा. तिच्यात तक्ता नसतो. ठिपक्यांच्या ओळी असतात, 'यांजकडून', 'अक्षरी रुपये', 'चेक क्रमांक', 'बद्दल', आणि खाली डावीकडे रकमेसाठी एक चौकोन. उजवीकडे पैसे घेणाऱ्याची सही. रक्कम 5,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही करायची असते, त्यामुळे त्याची जागाही तिथेच. एवढं दिसलं की फार विचार करावा लागत नाही. चारांपैकी पावती सगळ्यांत लवकर ओळखू येते.

दुसरी जागा म्हणजे तक्त्याची उजवी कड. उरलेल्या तिन्ही कागदांवर मध्ये तक्ता असतो. डावीकडे अनुक्रमांक, मग वर्णन. प्रश्न उजवीकडचा. बिलावर रकमा एकाखाली एक, उजवीकडून जुळवलेल्या असतात, कारण त्यांची बेरीज करायची असते. हजाराच्या मापात त्यांच्या उजव्या कडा 941, 940, 942 अशा एका रेघेत येतात, आणि ती रेघ तक्त्याखाली एकूण रकमेपर्यंत तशीच उतरते. चलानावर उजवीकडचा शेवटचा भरलेला रकाना बहुधा नगांचा किंवा वजनाचा असतो. पुष्कळ जण बिलाचंच पुस्तक चलानासाठी छापून घेतात, तिथे दर आणि रक्कम हे रकाने असतात पण कोरे. कोटेशनवर दर हमखास असतो, पण एकूण बेरीज असेलच असं नाही. एकाच पंपाची तीन मॉडेलं आणि तीन दर दिले असतील तर त्यांची बेरीज करण्यात काही अर्थच नसतो.

तिसरी जागा तक्त्याच्या खालचा पट्टा. आमच्या अनुभवात बिल आणि कोटेशन वेगळी काढायला यापेक्षा चांगली जागा नाही. बिलावर इथे आकड्यांची शिडी असते. करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी, पूर्णांकात केलेला फरक, एकूण. शेजारी डावीकडे अक्षरी रक्कम आणि बँकेचा खाते क्रमांक. कोटेशनवर याच जागी वाक्यं असतात. दर किती दिवस लागू, कर वेगळा की धरून, माल किती आठवड्यांत मिळेल, आगाऊ रक्कम किती, वाहतूक कुणाची. पाच-सात ओळी, डावीकडून सुरू होऊन कागदाच्या रुंदीभर पसरलेल्या. दुरून बघितलं तर बिलाचं वजन खाली उजवीकडे असतं आणि कोटेशनचं खाली डावीकडे. चलानावर या पट्ट्यात फारसं काही नसतं. गाडीचा नंबर, कशासाठी पाठवला, आणि बरीचशी मोकळी जागा.

चौथी जागा अगदी तळाची, सह्यांची. बिलावर उजवीकडे एकच सही, देणाऱ्याची. कोटेशनवरही तसंच. चलानावर मात्र दोन सह्यांसाठी छापील जागा असते. उजवीकडे पाठवणाऱ्याची, आणि डावीकडे 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' असं लिहून घेणाऱ्याची. या डाव्या सहीसाठीच तर चलान जातं आणि सही होऊन परत येतं. आपल्याकडे सही झालेल्या चलानाला 'पोच' म्हणतात ते यामुळेच.

इथे एक फसवी गोष्ट आहे. मालाबरोबर बिल आलं तर कारखान्याच्या गेटवरचा माणूस त्यावरही 'माल मिळाला' असा शिक्का मारतो. पण शिक्का जागा मिळेल तिथे बसतो, तिरका असतो, छापील अक्षरांवर चढलेला असतो. चलानावरची जागा मुळात छापलेली असते, सही नसली तरी तिथे रेघ आणि मजकूर असतोच. आपण छापील जागा बघायची, शिक्का नाही.

आमची चूक

आता प्रत्यक्ष घडलेलं सांगतो. आमचे एक अशील पंपाचे भाग बनवतात. बिडाची ओतीव घरं, म्हणजे हाउसिंग, ते दुसऱ्या एका वर्कशॉपला मशीनिंगसाठी देतात. माल यांचाच. वर्कशॉप फक्त मजुरी घेतं. असा माल पाठवताना आणि परत येताना डिलिव्हरी चलान लागतं. जीएसटीच्या नियम 55 मध्ये तशी तरतूद आहे.

एके दिवशी एक फोटो आला. वरचा भाग कापला गेलेला, त्यामुळे शीर्षक नाही, वर्कशॉपच्या नावाची खालची अर्धी अक्षरं तेवढी दिसत होती. 'प्रति' म्हणून आमच्या अशिलांचं नाव. तक्त्यात दोन ओळी. पहिली 196 नग, दर 430, मूल्य 84,280. दुसरी 4 नग, दर 430, मूल्य 1,720. खाली बेरीज 86,000 रुपये. आमच्या मुलानं ती 86,000 रुपयांची खरेदी म्हणून नोंदवून टाकली.

त्याला दोष देता येत नाही. वर दुसऱ्याचं नाव, 'प्रति' मध्ये आपलं, तक्ता, दर, रकमा उजवीकडे जुळवलेल्या, खाली बेरीज. चलानावर रक्कम नसते हे आम्हीच त्याला शिकवलं होतं. इथे रक्कम होती, म्हणून त्यानं बिल म्हटलं.

दहा-बारा दिवसांनी त्याच वर्कशॉपचं मजुरीचं बिल आलं. 196 नग, दर 65, म्हणजे 12,740 रुपये आणि वर कर. दोन्ही रकमा देणेकऱ्यांच्या यादीत लागल्या. महिनाअखेरीला पैसे द्यायची यादी मालकांकडे गेली तेव्हा ते म्हणाले, "अहो, यांच्याकडून एवढ्या रकमेचा माल आपण कधी घेतला? हे तर आपले मजुरीवाले." तेव्हा लक्षात आलं की आम्ही त्यांचाच माल त्यांना विकत घ्यायला लावला होता!

पैसे गेले नाहीत, कारण मालकांनी यादी वाचली. पण दुसरं नुकसान यापेक्षा लपलेलं होतं. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो. नाही आला, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं कायदा धरतो आणि त्यावर कर आणि व्याज लागू शकतं. माल परत आल्याचा पुरावा म्हणजे नेमकं हेच चलान, आणि ते आम्ही खरेदीच्या फाइलमध्ये घातलं होतं. आमच्या नोंदीप्रमाणे ते 200 नग अजून वर्कशॉपमध्येच पडून होते.

मग आम्ही तोच फोटो पुन्हा समोर ठेवला आणि चारही जागा क्रमानं बघितल्या. आकार उभा, तक्ता आहे, म्हणजे पावती नाही. तक्त्याची उजवी कड भरलेली, म्हणजे झुकाव बिलाकडे. आता तक्त्याखालचा पट्टा. बेरजेनंतर शिडी नाही. सीजीएसटी नाही, एसजीएसटी नाही. अक्षरी रक्कम नाही, बँक खातं नाही. बेरजेशेजारी बारीक अक्षरात 'अंदाजे मूल्य'. त्याखाली गाडीचा नंबर, आणि 'आपले चलान क्रमांक' असं लिहून आमच्या अशिलांच्या जुन्या चलानाचा नंबर. तळाशी डावीकडे 'माल मिळाला' ही छापील ओळ आणि त्यावर स्टोअरकीपरची सही. चारांपैकी एकच जागा बिल म्हणत होती, दोन स्वच्छपणे चलान म्हणत होत्या.

मग मूल्य होतं कशासाठी? नियम 55 मध्ये चलानावर करपात्र मूल्य लिहायला सांगितलंच आहे. कराचा दर आणि रक्कम मात्र माल घेणाऱ्याला विकण्यासाठी नेत असाल तरच लिहायची. शिवाय ई-वे बिल बनवायचं तर मूल्य लागतंच. म्हणजे चलानावर मूल्य असणं नियमाला धरून होतं, कराची शिडी नसणंही नियमाला धरून होतं. आमची समजूत चुकीची होती. 'रक्कम नाही ते चलान' हा नियम आम्ही टाकून दिला. आता आम्ही विचारतो, 'रकमेच्या खाली कर काढलाय का, आणि डावीकडे घेणाऱ्याला सहीची जागा आहे का?'

आणखी एक खूण त्या तक्त्यातच होती. दुसऱ्या ओळीतले 4 नग. ते खराब निघालेले, परत केलेले तुकडे होते. बिलात खराब नगांची ओळ कोण कशाला लावेल? जो फक्त माल मोजून परत देतोय, तोच अशी ओळ लिहितो. पण हे मजकूर वाचून कळतं, मांडणीवरून नाही. म्हणून ती खूण आम्ही दुय्यम धरतो.

मांडणी कुठे पुरत नाही

दोन ठिकाणी ही पद्धत हमखास फसते, आणि ती माहीत असलेली बरी.

पहिलं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस. माल द्यायच्या आधी, आगाऊ पैसे मागण्यासाठी हा कागद देतात. तो बिलाच्याच साच्यात छापतात. तक्ता तोच, कराची शिडी तीच, बँकेचं खातं तर जास्तच ठळक, कारण पैसे यावेत हाच हेतू. मांडणी शंभर टक्के बिलाची आणि काम कोटेशनचं. त्यावर कराची वजावट मिळत नाही. इथे 'प्रोफॉर्मा' हा शब्द वाचण्यावाचून गत्यंतर नाही. शब्द कापला गेला असेल तर कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बघा. मालाच्या बिलाच्या तीन प्रती असतात आणि पहिलीवर 'ओरिजिनल फॉर रेसिपियंट' असं लिहायचं असतं. प्रोफॉर्मावर ते सहसा नसतं. चलानाच्याही तीन प्रती असतात, पण तिथे पहिलीवर 'ओरिजिनल फॉर कन्साइनी' असतं. दुसरी प्रत मात्र दोन्हीकडे वाहतूकदाराचीच, त्यामुळे नुसतं 'डुप्लिकेट फॉर ट्रान्सपोर्टर' दिसलं तर त्यावरून काही ठरवू नका.

दुसरं ठिकाण दुकानातली अरुंद कागदाची पट्टी. आपण सगळे तिला पावतीच म्हणतो. आकारही पावतीसारखा वाटतो, लांबट आणि चिंचोळा. पण तिच्यावर दुकानाचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक, वस्तूंची यादी, कर आणि एकूण असतं. म्हणजे कामाच्या दृष्टीनं ते बिल आहे, आणि खाली 'रोख' किंवा 'यूपीआय' छापलं असेल तर पैसे मिळाल्याची पोचही. आम्ही अशा पट्ट्यांचा वेगळाच गठ्ठा करतो. मांडणी तिला पट्टी म्हणू शकते, पुढचा निर्णय आत काय छापलंय त्यावर. अशिलाचा जीएसटी क्रमांक त्यावर नसेल तर धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूंवरही वजावटीच्या वेळी अडचण येते, म्हणून त्यांना आम्ही सांगतो की दुकानात असतानाच नंबर देऊन बिल करून घ्या.

शेवटी एक पडताळणी मांडणीच्या बाहेरची. खरेदीचं बिल म्हणून जे ठरलं, ते विकणाऱ्यानं आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं असेल तर आपल्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसतं. चलान, कोटेशन, प्रोफॉर्मा तिथे कधीच दिसत नाही. आपण बिल म्हणतोय आणि 2बी मध्ये महिना उलटूनही त्याचा पत्ता नाही, तर विकणाऱ्याला फोन करायच्या आधी एकदा फोटो उघडून बघा. विकणारा चुकलाय की आपण कागद चुकीचा ओळखलाय, हे तक्त्याखालच्या पट्ट्यात बऱ्याचदा कळतं.

श्रोत्यांमधून आलेला एक प्रश्न

*प्रश्न: आमच्या गावात अजून हातानं लिहिलेली बिलं चालतात. अक्षर लागत नाही. तिथे तुमचं हे चालेल का?*

चालतं, आणि काही वेळा जास्त चांगलं चालतं. हातानं लिहिलेलं असलं तरी पुस्तक छापलेलं असतं. रकान्यांच्या रेघा, खालच्या सहीची जागा, 'एकूण'चा चौकोन छापील असतो. सॉफ्टवेअरला हस्ताक्षर नीट लागत नाही हे खरं, पण रेघा आणि छापील मथळे लागतात. अडचण येते ती कार्बन कॉपीची. पिवळ्या किंवा गुलाबी कागदावर फिकट उमटलेले आकडे फोटोत दिसत नाहीत, आणि भरलेला रकाना कोरा वाटतो. म्हणजे परत तीच गोष्ट, 'नाही' आणि 'दिसत नाही' यांतला गोंधळ. अशा वेळी आम्ही पाठवणाऱ्याला एवढंच सांगतो की काका, खिडकीजवळ नेऊन, वरून सरळ धरून, चारही कोपरे येतील असा फोटो काढा, आणि कागदाचा खालचा वीतभर भाग वेगळा जवळून काढा. बहुतेक वेळा त्या दुसऱ्या फोटोवरच कागदाचा निकाल लागतो.